वजनं लावण्याआधी

अगं, वजनांवर वाद घालण्याआधी जिथे सौर प्रकल्प होऊच शकत नाही ती जमीन बाद कर. साक्री तालुक्याचंच घे. पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर आणि जंगल, पूर्वेकडे जमीन मोकळी होत जाते. जंगलाला पाचपैकी एक गुण देऊन जमीनवापराच्या थरात तसंच ठेवलंस आणि त्या थराला २० टक्के वजन दिलंस, तर बाकी सगळीकडे पाच मिळवणारा वनखात्याचा पिक्सेल ४.२ गुणांनी वर येतो. वेटेड ओव्हरलेचा स्वभावच असा की एकीकडची तूट दुसरीकडून भरून निघते. म्हणून जंगल, पाणी, गावठाण यांचा शून्य-एकचा वेगळा मास्क कर आणि त्याने गुणाकार कर:

```
"mask@1" * (0.50*"urja@1" + 0.20*"utar@1" + 0.30*"antar@1")
```

नुसतं जंगल रास्टराइझ केलंस तर बाहेरचा भाग शून्य किंवा NoData होतो आणि उत्तराचा नकाशा जवळजवळ रिकामा येतो. `gdal_rasterize` ला `-init 1 -burn 0` दे.

आता खरी फसगत. धर, तालुक्यात रोजची सौरऊर्जा चौरस मीटरला ५.३५ ते ५.५५ युनिट आहे. सॉफ्टवेअर याच पट्ट्याचे पाच समान भाग करतं. मग ५.५५ च्या 'अ' जागेला पाच गुण आणि ५.४० च्या 'ब' ला दोन. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा! उतारात 'अ' ला तीन, 'ब' ला चार. सबस्टेशनपासून 'अ' चौदा किलोमीटर म्हणून दोन, 'ब' तीन किलोमीटर म्हणून पाच. वरच्या वजनांनी 'अ' ला ३.७ आणि 'ब' ला ३.३. म्हणजे अकरा किलोमीटर जास्तीची वीजवाहिनी टाकायची, ती या तीन टक्क्यांपायी.

तेच वर्ग ४ ते ६ या रुंद पट्ट्यावर पाड. दोघांनाही ऊर्जेत चार मिळतात, 'अ' ३.२ वर घसरते, 'ब' ४.३ वर जाते. वजनाला हातही लावला नाही, तरी क्रम उलटला. टक्केवारीवर बैठका होतात. वर्गांच्या सीमा कुणी बघत नाही. त्या पैशाच्या हिशेबाने तूच ठरव.

उतार काढताना DEM मीटरच्या प्रोजेक्शनमध्ये आण. साक्रीला UTM ४३ उत्तर चालेल. अक्षांश-रेखांशात ठेवलंस तर बऱ्याचदा सपाट शेतही कड्यासारखं दिसतं, त्यावरूनच चूक कळते.

शेवटी प्रत्येक वजन दहा टक्क्यांनी वर-खाली कर, बाकीची त्या प्रमाणात सावर. वरच्या जागा तशाच राहिल्या तरच यादी पुढे पाठव. आणि सुटे चमकणारे पिक्सेल मोजू नकोस. वीस मेगावॅटला ढोबळमानाने शंभर एकर, म्हणजे तीस मीटरचे साडेचारशेच्या आसपास पिक्सेल, तेही सलग हवेत. निदान एवढ्या आकाराचे तुकडे वेगळे काढ, प्रत्येकाची सरासरी घे आणि क्रम त्या तुकड्यांचा लाव.