अंधार पडला म्हणून पानं मिटतात का? झाडांच्या घड्याळाचा एक पाठ



आधी माझी चूक सांगते. चौथीच्या वर्गात परिसर अभ्यास शिकवताना मी मुलांना सांगितलं होतं, "संध्याकाळी अंधार पडतो म्हणून चिंचेची पानं मिटतात. सकाळी उजेड आला की उघडतात." मुलांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या क्वार्टरसमोर रात्रभर मोठा लाइट असतो. तिथल्या चिंचेची पानं तरी मिटतातच."

आमचं दीपनगर म्हणजे वीजनिर्मिती केंद्राची वसाहत. इथे दिवे रात्रभर चालू असतात आणि माणसं तीन पाळ्यांत कामं करतात. त्यामुळे लगेच दुसरा प्रश्न आला, "माझे पप्पा नाइट शिफ्ट करून दिवसा झोपतात. मग झाडाला का नाही जमत?" मला दोन्हींचं उत्तर येत नव्हतं. त्यानंतर जे वाचलं आणि घरी करून पाहिलं, ते इथे मांडते.

पान मिटतं ते कसं, हे आधी पाहू. चिंच, शिरीष, भुईमूग, राजमा ही सगळी शेंगावाल्या कुळातली. त्यांच्या पानाच्या किंवा पर्णिकेच्या देठाच्या बुडाशी एक छोटा फुगीर सांधा असतो. भुईमुगाच्या रोपावर तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. या सांध्याच्या दोन बाजूंच्या पेशी आळीपाळीने फुगतात आणि सैल पडतात. एका बाजूच्या पेशींत पोटॅशियमचे क्षार शिरले की त्यांच्यामागे पाणी शिरतं आणि ती बाजू ताठ होते. त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या पेशींतून क्षार आणि पाणी बाहेर पडतं, तिथे ढिलाई येते आणि पान वळतं. म्हणजे पानाची ही 'झोप' दमून गळून पडण्यासारखी नाही. मिटण्यासाठी आणि उघडण्यासाठी झाड रोज ऊर्जा खर्च करतं. लाजाळूला हात लावल्यावर पान मिटतं तेही अशाच सांध्यातून, पण ती स्पर्शाला दिलेली झटपट प्रतिक्रिया आहे. रात्रीचं मिटणं वेगळं. वर्गात हे दोन्ही एकत्र शिकवलं की मुलांचा गोंधळ होतो.

आता खरा प्रश्न असा, की क्षार कधी हलवायचे हे पेशींना कोण सांगतं?

इ. स. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये द मेराँ नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधाऱ्या जागी ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. मी वर्गात जे सांगितलं होतं ते तीनशे वर्षांपूर्वीच चूक ठरलं होतं! पण एवढ्याने घड्याळ सिद्ध होत नाही. अंधाऱ्या खोलीतही दुपारी उकडतं आणि पहाटे गार होतं. झाड उजेडाऐवजी त्या उष्णतेवरून वेळ ओळखत असेल तर? ही शंका काढण्यासाठी पुढे दुसऱ्या एका फ्रेंच माणसाने, द्युहामेलने, झाड खोल तळघरात ठेवलं. तिथे दिवसरात्र तापमान जवळपास सारखंच राहत होतं. पानांची हालचाल तिथेही थांबली नाही.

मला सगळ्यात पटलेला पुरावा १८३२ चा आहे. द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने लाजाळूला सतत उजेडात ठेवलं. पानं हलत राहिली, पण त्यांचा एक फेरा २४ तासांचा भरेना. तो साधारण २२ ते २३ तासांत पुरा होई. वरवर पाहता हे घड्याळ चुकतं आहे असं वाटेल, पण पुरावा नेमका या चुकण्यातच आहे. पृथ्वीचा फेरा २४ तासांचा. बाहेरून एखादी न दिसणारी खूण झाडापर्यंत पोहोचत असती, तर पानंही बरोबर २४ तासांनी हलली असती. २३ तासांनी येणारी खूण बाहेर कुठेच नाही. म्हणजे ते २३ तास झाडाच्या आतलेच.

मुलांना हे गणितातून छान कळतं. समजा झाडाचा फेरा २३ तासांचा आहे आणि पहिल्या दिवशी पानं संध्याकाळी ६ वाजता मिटली. दुसऱ्या दिवशी ती ५ ला मिटतील, तिसऱ्या दिवशी ४ ला, सातव्या दिवशी भर दुपारी १२ ला! मग बाहेरच्या झाडांत असं का होत नाही? कारण रोजची पहाट आणि संध्याकाळ त्या घड्याळाचा काटा थोडा सरकवून पुन्हा जुळवते. आजीचं किल्लीचं घड्याळ रोज थोडं पुढे जायचं आणि आजोबा रेडिओच्या बातम्यांना ते लावायचे, तसंच.

नाइट शिफ्टवाल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच सापडलं. द कांदोलने झाडाला रात्री दिव्यांचा उजेड आणि दिवसा अंधार दिला. काही दिवस पानं गोंधळली, मग उलट्या वेळेला रुळली. म्हणजे झाडालाही पाळी बदलता येते. फक्त लगेच नाही, आणि उजेड-अंधार दोन्ही पुरते उलटे करावे लागतात. आमच्या रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड उन्हापुढे अगदीच कमी. शिवाय दिवसा ऊन मिळतंच आहे, मग झाडाने पाळी कशासाठी बदलावी?

घरी हे करून पाहायचं असेल तर राजमा घ्या. दोन कुंड्यांत बी पेरा आणि पहिली दोन रुंद पानं नीट पसरेपर्यंत दोन्ही कुंड्या नेहमीच्या उजेडात ठेवा. मग एक कुंडी बंद कपाटात ठेवा, दुसरी खिडकीत राहू द्या. देठ आणि पान यांतला कोन कोनमापकाने मोजा. दिवसा पान आडवं पसरलेलं असतं, रात्री खाली लोंबतं. कपाटात पाहण्यासाठी टॉर्चवर हिरव्या जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या लावा आणि काही सेकंदच पाहा.

माझा पहिला प्रयत्न फसला. कपाट पश्चिमेच्या भिंतीला होतं आणि दुपारनंतर ती भिंत तापायची. पान हललं, पण ते घड्याळामुळे की भिंतीमुळे, हे सांगता येईना. द्युहामेलची शंका माझ्याच घरात! शिवाय माझा मुलगा दर अर्ध्या तासाने दार उघडून बघत होता. दुसऱ्यांदा कपाट मधल्या खोलीत हलवलं आणि आत थर्मामीटर ठेवला. पहिल्या संध्याकाळी आतलं पान खाली आलं आणि पहाटे अंधारातच वर उचललं गेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी हालचाल खूप मंदावली आणि पान पिवळट दिसायला लागलं. उजेडाशिवाय अन्न तयार होत नाही, त्यामुळे अंधारातला प्रयोग दोन-तीन दिवसांच्या पुढे जात नाही. फेरा २३ तासांचा की २४ चा, हे एवढ्यावरून ठरवू नका. पान बाहेरच्या खुणेशिवाय हलतं, इतकंच यातून दिसतं.

हे घड्याळ कशाचं बनलेलं आहे, हे मात्र अलीकडे कळलं. त्यासाठी मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं चिमुकलं रोप कामी आलं. हिरव्या पानातलं एक जनुक दिवसा जास्त काम करतं आणि रात्री मंदावतं. पण ते पाहायचं कसं? शास्त्रज्ञांनी त्या जनुकाच्या चालू-बंद होण्याच्या बटणाला काजव्याच्या प्रकाशाचं जनुक जोडलं. आता ते बटण सुरू झालं की रोप अगदी मंद चमकायचं आणि संवेदनशील कॅमेरा ती चमक मोजायचा. सतत उजेडात ठेवलेली रोपंही साधारण दर २४ तासांनी चमकली. त्यांतच एक बिघडलेलं रोप सापडलं, त्याची चमक २१ तासांनी परत यायची. १९९५ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि त्या बिघडलेल्या जनुकाला टॉक-१ हे नाव मिळालं.

पुढे उलगडलं ते असं. पहाटे काही जनुकं जागी होतात आणि त्यांची प्रथिनं टॉक-१ ला दाबून ठेवतात. दिवसभरात ही सकाळची प्रथिनं संपत जातात, तसं संध्याकाळी टॉक-१ मोकळं होतं. मग त्याचं प्रथिन सकाळच्या जनुकांना दाबतं. रात्रीतून तेही संपतं आणि पुन्हा पहाटेची पाळी येते. खऱ्या घड्याळात आणखी बरीच जनुकं गुंतलेली आहेत, पण वर्गासाठी ही दोन पाळ्यांची गोष्ट पुरते. आमच्या मुलांना तर ती लगेच कळली. दिवसपाळीवाला असेपर्यंत रात्रपाळीवाला कामावर येत नाही, आणि उलट.

या घड्याळाचा झाडाला फायदा काय, याचंही मोजमाप झालं आहे. कमी तासांच्या आणि जास्त तासांच्या घड्याळाची रोपं छोट्या आणि लांब कृत्रिम दिवसांत वाढवली. ज्यांचं घड्याळ बाहेरच्या दिवसाशी जुळलं, ती जास्त वाढली आणि त्यांच्यात हरितद्रव्यही जास्त होतं.

आता फुलांकडे येते, कारण पालकांच्या उपयोगाचं इथेच आहे. परसात दोडका आणि गिलके शेजारी लावले तर एक मजा दिसते. दोन्ही एकाच घराण्यातली, फुलं दोन्हींची पिवळी. पण गिलक्याचं फूल पहाटे उमलतं आणि दोडक्याचं संध्याकाळी, साधारण पाच ते आठच्या दरम्यान. गिलक्यावर सकाळी मधमाश्या येतात, दोडक्यावर अंधारात पतंग येतात. गॅलरीतल्या वेलाला फुलं येतात पण दोडका धरत नाही, अशी तक्रार आमच्या कॉलनीत नेहमी ऐकू येते. बरेच जण सकाळी चहाच्या वेळी नरफुलाचा पराग मादीफुलाला लावतात. गिलक्याला ते चालतं, पण तोवर दोडक्याचं फूल मावळायला लागलेलं असतं. त्याला संध्याकाळी फूल उमलल्यावर हात लावायचा. मादीफूल ओळखायला सोपं, त्याच्यामागे बोटभर छोटा दोडका असतो.

सकाळी उमलणारं फूल सूर्य पाहून उमलतं, असं आपण धरून चालतो. जपानमध्ये निळ्या कर्ण्यासारख्या मॉर्निंग ग्लोरीवर प्रयोग झाले, तेव्हा निराळंच दिसलं. तिची कळी आदल्या संध्याकाळी अंधार पडल्यापासून मोजायला लागते आणि साधारण दहा तासांनी उमलते. थंडीत थोडी लवकर, उष्ण हवेत उशिरा. हे मुलांना दाखवता येतं. उद्या उमलेल अशी फुगलेली कळी असलेल्या दोन कुंड्या घ्या. एकीवर दुपारी चार वाजता जाड खोका उलटा घाला, दुसरी उघडी ठेवा, आणि पहाटे उठून पाहा. फक्त उघडी कुंडी व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली ठेवू नका, तिची संध्याकाळच उशिरा होईल.

सगळ्याच फुलांना मात्र हे लागू करू नका. आपण जिला ऑफिस टाइम म्हणतो ती दहाच्या सुमाराला उमलते खरी, पण तिच्या उमलण्यात ऊन आणि उष्णतेचा वाटा मोठा. ढगाळ, गार दिवशी तिचं ऑफिस उशिरा उघडतं. शिरीषाच्या कुळातला रेन ट्रीही पावसाळी अंधारून आलं की भर दिवसा पानं मिटतो. म्हणून नुसतं "रोज त्याच वेळी होतं" एवढ्यावर थांबू नका. बाहेरची खूण काढून घेतल्यावरही ते होतं का, हे मुलांना विचारायला लावा.

त्या मुलीच्या वहीतलं माझं जुनं वाक्य मी तिच्यासमोरच लाल पेनने खोडलं. सध्या ती दिव्याखालच्या आणि अंधारातल्या चिंचेच्या मिटण्याच्या वेळा लिहून आणते आहे. पहिल्या आठवड्यात दोन्हींत काही मिनिटांचा फरक आला. तो दिव्यामुळे की तिच्या जेवणाच्या वेळेमुळे, हे अजून आमचं ठरायचं आहे.