न्यायालयाच्या आदेशाचा सारांश : पुढची तारीख, कागदपत्रे आणि अंतरिम निर्देश

सारांशलेखन शिकवताना आपण मुलांना सांगतो की मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश लिहा आणि सगळे मुख्य मुद्दे घ्या. न्यायालयाच्या तारखेच्या आदेशाला हा नियम लावला की सारांश फसतो. इथे उताऱ्यातला मोठा भाग सोडून द्यायचा असतो आणि एखादा चार शब्दांचा तुकडा मात्र जसाच्या तसा ठेवायचा असतो. कुठला सोडायचा आणि कुठला ठेवायचा, हाच आजचा धडा.

आपल्या ओळखीचाच विषय घेऊ, पगारातली वसुली. खालचा आदेश धड्यासाठी तयार केलेला नमुना आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे असे आदेश इंग्रजीत असतात, त्यांची घडण ठेवून तो मराठीत लिहिला आहे. याचिकाकर्ते एक सहायक शिक्षक आहेत. प्रतिवादी १ राज्य शासन, २ शिक्षणाधिकारी (माध्यमिक), ३ शिक्षण संस्था आणि ४ मुख्याध्यापक.

“दिनांक ७ जुलै २०२५.
१. याचिकाकर्त्याच्या विद्वान वकिलांचे म्हणणे ऐकले. प्रतिवादी २ यांनी १२ मे २०२५ च्या पत्राने याचिकाकर्त्याची वेतननिश्चिती सुधारली असून जादा दिलेले वेतन हप्त्यांनी वसूल करण्यास सांगितले आहे. वकिलांचे म्हणणे असे की, त्यापूर्वी नोटीस दिली नाही आणि सर्वोच्च न्यायालयाच्या रफिक मसीह निवाड्यानुसार अशी वसुली करता येत नाही.
२. प्रतिवादींना नोटीस काढावी. पुढील तारीख ४ ऑगस्ट २०२५. प्रतिवादी १ व २ तर्फे सहायक सरकारी वकील नोटीस स्वीकारतात.
३. प्रतिवादी ३ व ४ साठी हमदस्त बजावणीस परवानगी. याचिकाकर्त्याने बजावणीचे प्रतिज्ञापत्र पुढील तारखेपूर्वी दाखल करावे.
४. प्रतिवादी १ व २ यांनी आजपासून दोन आठवड्यांत उत्तराचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे व वेतनपडताळणीत नोंदवलेल्या आक्षेपाची प्रत जोडावी. प्रत्युत्तर असल्यास, त्यानंतर एका आठवड्यात.
५. पुढील तारखेपर्यंत, विनंती कलम (ग) प्रमाणे अंतरिम दिलासा.”

आता पहिला परिच्छेद बघा. सर्वांत लांब तोच आहे, आणि आपल्या तीन रकान्यांत त्यातलं काहीच जात नाही. विद्यार्थी इथेच अडकतात. “न्यायालयाने सांगितले की वसुली करता येत नाही” असं लिहून मोकळे होतात. न्यायालयाने असं काहीच सांगितलेलं नाही, ते वकिलांचं म्हणणं आहे. रफिक मसीह हा खरा निवाडा आहे, डिसेंबर २०१४ चा. निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी आणि वर्ग तीन व चारचे कर्मचारी अशा काही प्रसंगी जादा वेतन परत घेऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. पण तो या शिक्षकांना लागू होतो की नाही, ते अजून ठरायचं आहे. ओळखायची खूण क्रियापदात असते. “म्हणणे असे की” हे युक्तिवादाचं, “करावे” हे निर्देशाचं. याला एक अपवाद आहे. सरकारी वकिलांनी “पुढच्या तारखेपर्यंत वसुली करणार नाही” असं निवेदन केलं आणि न्यायालयाने “निवेदन स्वीकारले” असं लिहिलं, तर ते नुसतं म्हणणं राहत नाही. ते पाळावं लागतं, म्हणून ते अंतरिम निर्देशांच्या रकान्यात घ्यायचं.

तारीख सोपी आहे, ४ ऑगस्ट. पण चौथ्या परिच्छेदात आणखी दोन तारखा लपल्या आहेत. आदेशाचा दिवस सोडून दोन आठवडे मोजले की २१ जुलै येते, आणि “त्यानंतर एका आठवड्यात” म्हणजे २८ जुलै. सारांशात “दोन आठवडे” असं लिहू नये, तारीख काढून लिहावी. वाचणारा माणूस कॅलेंडरवर खूण करणार असतो.

कागदपत्रांच्या रकान्यात आपल्या बाजूचं काम हमखास सुटतं. सगळ्यांचं लक्ष सरकार काय उत्तर देणार इकडे असतं. पण हमदस्त म्हणजे न्यायालयाची नोटीस याचिकाकर्त्याने स्वतः नेऊन पोचवायची. ती संस्थेला व मुख्याध्यापकांना दिली, पोच घेतली, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ते नसेल तर ४ ऑगस्टला “बजावणी झाली नाही” म्हणून पुन्हा पुढची तारीख पडू शकते. प्रत्युत्तरापुढे मात्र “असल्यास” आहे, म्हणजे ते सक्तीचं नाही. सारांशात तो शब्द ठेवायचाच.

आता पाचवा परिच्छेद. एकच ओळ, आणि सगळा जीव त्यातच. “कलम (ग) प्रमाणे” म्हणजे काय, हे आदेशात कुठेच नाही. त्यासाठी याचिकेची शेवटची पानं उघडावी लागतात, जिथे मागण्या लिहिलेल्या असतात. आपल्या नमुन्यात त्या अशा धरू : (ख) सुधारित वेतननिश्चितीला स्थगिती द्यावी, (ग) जादा वेतनाच्या वसुलीला स्थगिती द्यावी. न्यायालयाने फक्त (ग) दिली आहे.

“स्टे मिळाला” एवढाच सारांश घरी पोचला, तर काय होतं? पुढच्या महिन्यात पगार सुधारित, म्हणजे कमी दराने येतो. शिक्षक म्हणतात, मुख्याध्यापकांनी आदेश मोडला. खरं तर वसुलीचा हप्ता कापला नसेल, तर मुख्याध्यापकांनी आदेश पाळला आहे. मूळ पगार कमी होणं या आदेशाने थांबलेलंच नाही. घरच्या कर्जाचा हप्ता त्या पगारावर चालत असेल, तर हा फरक आधीच कळायला हवा. म्हणून सारांशात काय थांबलं याच्या शेजारी काय थांबलं नाही तेही लिहावं, अशी माझी सवय आहे. सारांशलेखनात नसलेली गोष्ट घालू नये हे खरं, पण ही गोष्ट याचिकेत आहे.

त्याच ओळीतले “पुढील तारखेपर्यंत” हे शब्द बदलू नयेत. “पुढील आदेशापर्यंत” असं लिहिलं तर अर्थच पालटतो. पहिल्यात ४ ऑगस्टला मुदत संपते. त्या दिवशी प्रकरण बोर्डावर असूनही वेळेअभावी पोचलं नाही, तर वकिलांना दिलासा चालू ठेवण्याची विनंती करावी लागते. दुसऱ्यात न्यायालय बदलेपर्यंत दिलासा टिकतो.

मग तयार सारांश असा :

पुढची तारीख : ४ ऑगस्ट २०२५.

याचिकाकर्ते : संस्था व मुख्याध्यापक यांना नोटीस स्वतः बजावणे; बजावणीचे प्रतिज्ञापत्र ४ ऑगस्टपूर्वी. प्रत्युत्तर द्यायचे असल्यास २८ जुलैपर्यंत.

शासन व शिक्षणाधिकारी : उत्तराचे प्रतिज्ञापत्र, पडताळणीतील आक्षेपाच्या प्रतीसह, २१ जुलैपर्यंत.

संस्था व मुख्याध्यापक : कागदपत्रांबाबत या आदेशात निर्देश नाही.

अंतरिम निर्देश : जादा वेतनाच्या वसुलीला “पुढील तारखेपर्यंत” स्थगिती (याचिकेतील विनंती कलम ग). सुधारित वेतननिश्चितीला स्थगिती दिलेली नाही.

उत्तर २१ जुलैच्या आधीच आलं, तर “त्यानंतर एका आठवड्यात” नेमकं कधीपासून मोजायचं? उत्तर मिळाल्यापासून की मुदत संपल्यापासून? वर्गात यावर वाद होऊ द्यावा. सारांश करणाऱ्याने तो स्वतः सोडवू नये. समासात प्रश्नचिन्ह करून वकिलांना विचारावं, आणि तोवर अलीकडची तारीख धरून तयारी ठेवावी.