सहा टक्क्यांच्या मागे धावताना

माझा मावसभाऊ नाशिकमध्ये घरोघरच्या पाण्याच्या टाक्या धुतो. दोन पोरं, एक पंप, एक स्कूटर आणि हजार लिटरच्या टाकीला नऊशे रुपये, एवढाच पसारा. गुगलवरच्या त्याच्या जाहिराती मी बघतो, कारण खानदानात कॉम्प्युटरमधलं कळणारा मीच, असा त्याचा समज आहे. त्या समजाचे पैसे त्याला एकदा मोजावे लागले.

मार्च महिन्यात त्याची जाहिरात १,२४० वेळा लोकांना दिसली आणि तिच्यावर ३१ क्लिक आले. दर शंभर वेळा दिसल्यावर किती वेळा क्लिक झालं, ते म्हणजे सीटीआर. आमचा आला अडीच टक्के. तेव्हाच एका अमेरिकन कंपनीचा बेंचमार्क अहवाल माझ्या वाचनात आला. २०२३ मध्ये शोधातल्या जाहिरातींची सरासरी सहा टक्क्यांच्या थोडी वर, असं त्यात होतं. सहा कुठे आणि आपले अडीच कुठे! मला लाजच वाटली. जाहिरातीचा मथळा होता ‘पाण्याची टाकी धुऊन मिळेल, नाशिक, ९०० रुपयांपासून’. तो काढून मी ‘टाकीची मोफत तपासणी’ असं ठळक लिहिलं.

एप्रिलमध्ये १,१०० वेळा जाहिरात दिसली आणि ६४ क्लिक आले. सीटीआर ५.८. मी खूश. मावसभावाचा फोन आला तो मात्र वेगळ्याच सुरात: “दादा, काल तिघांनी विचारलं, टाकी फुकट धुऊन देता का?”

मग हिशोब मांडला. क्लिकला साधारण १८ रुपये पडत होते. मार्चमध्ये ३१ क्लिकचे ५५८ रुपये गेले आणि चार कामं मिळाली, म्हणजे एका कामामागे १४० रुपये. एप्रिलमध्ये ६४ क्लिकचे १,१५२ रुपये गेले आणि कामं मिळाली दोन. एका कामामागे ५७६! चाराची दोन कामं नुसत्या योगायोगानेही होऊ शकतात, हे मी मान्य करतो. पण ‘फुकट का?’ असं विचारणारे फोन योगायोगाने येत नव्हते, ते मीच बोलावले होते. टाकी नऊशेला धुवायची तयारी नसलेल्या माणसाने क्लिकच करू नये, हे काम जुना मथळा गुपचूप करत होता. आमचा सीटीआर कमी ठेवून तो आमचे पैसे वाचवत होता.

मथळा पूर्ववत केला. पण मूळ प्रश्न उरलाच: अडीच टक्के खरंच वाईट होते का? मी खात्यातला ‘Search terms’ हा अहवाल उघडला. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केल्यावर आपली जाहिरात दिसली, ते त्यात कळतं. हे मी आधी का पाहिलं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. मार्चचे १,२४० मी दोन ढिगांत वेगळे केले. ‘टाकी साफ करणारे’, ‘वॉटर टँक क्लीनिंग नाशिक’ अशा शोधांवर जाहिरात ४१० वेळा दिसली होती आणि तिथे २५ क्लिक होते, म्हणजे ६.१ टक्के. उरलेल्या ८३० वेळा ती ‘हजार लिटर टाकी किंमत’, ‘टाकी धुण्याचं मशीन’ असल्या शोधांवर दिसली होती. तिथे सहा क्लिक, म्हणजे ०.७ टक्के. कारण साधं होतं. मी कीवर्ड सैल ठेवले होते, त्यामुळे टाकी विकत घेणाऱ्यांसमोरही धुणाऱ्याची जाहिरात जात होती. जाहिरातीत खोट नव्हती, ती चुकीच्या दारात उभी होती. अडीच टक्के हा आकडा या दोन ढिगांपैकी एकाचाही नव्हता.

अहवालातला सहाचा आकडाही असाच ढीग एकत्र करून आलेला असतो. नुसती सरासरी कशी फसवू शकते ते बघा: समजा दहा दुकानं आहेत. नऊ जणांचा सीटीआर तीन टक्के आणि दहावं नावाजलेलं, लोक थेट त्याचं नाव टाइप करून शोधतात, म्हणून त्याचा तीस. सरासरी निघते ५.७. दहापैकी नऊ दुकानं ‘सरासरीच्या खाली’ आणि त्यातल्या एकाचंही काही बिघडलेलं नाही. मावसभावाचं नाव कोण टाइप करणार? त्याला नावाने ओळखणारे थेट फोनच करतात. शिवाय तो अहवाल बहुतांशी अमेरिकेतल्या जाहिरातदारांचा होता आणि जुनेनवे अहवालही एकमेकांशी जुळत नाहीत. त्याच कंपनीच्या २०१८ च्या आकड्यांत शोधातल्या जाहिरातींची सरासरी तीन टक्क्यांच्या जरा वर होती, तर इतर संकेतस्थळांवर दिसणाऱ्या चित्रांच्या जाहिरातींची अर्ध्या टक्क्याच्याही आत. कुठलं साल आणि कुठल्या जागेची जाहिरात, हे न पाहता आकडा उचलला तर आपण नापासही ठरतो आणि पहिलेही येतो.

छोट्या जाहिरातदाराची आणखी एक अडचण मला फार उशिरा कळली. ६.१ आल्यावर मी म्हणणार होतो, बघा, सरासरी गाठली. पण तो आकडा उभा आहे २५ क्लिकांवर. अशा वेळी एक गावठी हिशोब उपयोगी पडतो: क्लिकांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा आणि तेवढं वरखाली धरा. पंचवीसचं वर्गमूळ पाच, दुप्पट दहा. म्हणजे जाहिरातीत काहीही न बदलता पुढच्या खेपेला त्या ४१० दर्शनांवर १५ क्लिक आले काय किंवा ३५ आले काय, नवल नाही. टक्क्यांत सांगायचं तर ३.७ ते ८.५ यांच्यामध्ये कुठेतरी. एवढ्या रुंद पट्ट्यात ‘सहाच्या वर की खाली’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. अगदीच थोडे क्लिक, पाच-सहा, असतील तर हा हिशोबही लावू नये. तेव्हा फक्त थांबावं.

आता बेंचमार्क मी फेकून दिलेला नाही. दारावरच्या घंटीसारखा वापरतो. आपल्या पट्ट्याचं वरचं टोकही त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा खाली असेल तर काहीतरी तपासायला हवं, एवढंच ती सांगते. मार्चचे ३१ क्लिक घ्या: वरखाली अकरा, म्हणजे फार तर ४२ आणि ३.४ टक्के. सहाच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हा घंटी वाजली हे ठीकच झालं. चूक ही की दार उघडून कोण आहे ते न बघता मी घराला रंग द्यायला घेतला. आता घंटी वाजली की आधी शोधशब्द बघतो, मग ठिकाणाची सेटिंग. तिथे गुगल ‘नाशिकमध्ये रस असलेले’ लोकही धरतं. आम्ही फक्त नाशिकमध्ये असणारे ठेवले, कारण मुंबईतल्या माणसाच्या टाकीपर्यंत आमची स्कूटर जात नाही. मथळ्याला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. तुलना करायची तर त्याच शब्दांच्या आपल्याच मागच्या दोन-तीन महिन्यांशी.

मे महिन्यात ‘किंमत’, ‘मशीन’, ‘विकणे’ हे शब्द वगळले. जाहिरात ४३० वेळा दिसली आणि २४ क्लिक आले, ५.६ टक्के. मथळ्यात एक अक्षर न बदलता मार्चच्या दुपटीहून जास्त, आणि क्लिक मात्र सात कमी. कामं पाच मिळाली.

जूनमध्ये सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांसाठी वेगळी जाहिरात लावली. १९० वेळा दिसली, पाच क्लिक. २.६ टक्के. फोन एकच आला, एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा, सहा टाक्यांसाठी. साडेसात हजारांना काम ठरलं, आणि मावसभावाला दोन दिवसांसाठी तिसरा पोरगा लावावा लागला.