सुकीं अंजिरें, आलुबुखार व मनुका ह्यांनीं कोठा कसा साफ होतो

मलावरोधानें त्रासलेल्या माणसास घरांतील वडील मंडळी रात्रीं चार अंजिरें किंवा मूठभर मनुका भिजत घालून सकाळीं खाण्यास सांगतात. उपाय जुना आहे व बहुधा तो लागूही पडतो. परंतु तो कां लागू पडतो हें ज्यास ठाऊक नसतें, तो दोन दिवसांत गुण दिसला नाहीं म्हणजे कंटाळून जमालगोट्याकडे वळतो, किंवा एकदम वाटीभर मनुका खाऊन पोट फुगवून घेतो. म्हणून ह्या पाठांत आम्ही दोन प्रश्नांचा विचार करणार आहों. ह्या सुक्या फळांत असें काय आहे कीं ज्यामुळें मळ मऊ होतो? आणि तें तिन्ही फळांत सारखेंच आहे काय?

प्रथम मळ कठीण कां होतो तें पाहूं. आपण घेतलेलें अन्नपाणी आणि शरीरांतून पाझरणारे पाचक रस मिळून दिवसाकाठीं सुमारे ९ लिटर द्रव लहान आंतड्यांत उतरतो. त्यांतील बहुतेक भाग तेथेंच शोषला जाऊन सुमारे दीड लिटर मोठ्या आंतड्यांत जातो. मोठें आंतडें त्यांतीलही बहुतेक पाणी ओढून घेतें. मळाबरोबर बाहेर पडतें तें पेलाभराहूनही कमी. मळ जितका वेळ आंत राहील तितकें त्यांतील पाणी अधिक शोषलें जाऊन तो अधिक कठीण होतो. कठीण झालेला मळ पुढें सरकत नाहीं, आणि न सरकल्यामुळें तो आणखी वाळतो. असें हें चक्र आहे.

ह्यावरून कोणी म्हणेल कीं, पाणी पुष्कळ प्यावें म्हणजे झालें. परंतु नुसतें प्यालेलें पाणी रक्तांत शिरून मूत्रावाटे निघून जातें. मळापर्यंत त्यांतील फार थोडें पोंचतें. तेव्हां खरा प्रश्न पाणी पोटांत घालण्याचा नसून, आंतड्यानें तें सर्वच्या सर्व ओढून घेऊं नये अशी तजवीज करण्याचा आहे. हें काम सुक्या फळांतील दोन पदार्थ करितात. एक चोथा, व दुसरा सॉर्बिटॉल.

चोथा म्हणजे वनस्पतींचा जो भाग आपल्या जठराग्नीस पचत नाहीं तो. त्याचे दोन प्रकार आहेत. एक पाण्यांत फुगून बुळबुळीत होतो, जसा भिजविलेल्या इसबगोलाचा. आणि दुसरा कोंड्यासारखा जसाच्या तसा पुढें जातो. फुगणारा चोथा आपल्या अंगीं पाणी धरून ठेवितो. न फुगणारा मळाचें आकारमान वाढवितो, व त्या वाढीमुळें आंतड्याची भिंत ताणली जाऊन तें मळ पुढें लोटूं लागतें. सुक्या फळांत हे दोन्ही प्रकार असतात.

सॉर्बिटॉल हा साखरेचा नातलग आहे. बूसँगो नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८७२ साली तो प्रथम एका रानटी झाडाच्या लहान फळांतून काढिला. तो गोड असतो, परंतु साखरेइतका नव्हे. आणि साखर जशी लहान आंतड्यांत झटपट शोषली जाते तसा तो शोषला जात नाहीं. त्याचा बराचसा अंश आंतड्यांतच राहतो, आणि जेथें तो राहतो तेथें पाण्यासही धरून ठेवितो. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेविलें असतां घटकाभरांत भांड्यांत पाणी सुटतें, हें प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. मीठ जिकडे अधिक, तिकडे पाणी ओढलें जातें. आंतड्यांत उरलेला सॉर्बिटॉल असाच पाण्यास आपल्याकडे ओढितो. पुढें मोठ्या आंतड्यांतील सूक्ष्म जंतु त्यावर तुटून पडतात व त्यापासून आम्लें आणि वायु तयार करितात. ह्या फळांनीं पोट गुरगुरतें त्याचें एक मोठें कारण हेंच.

आतां दोहोंचा मेळ कसा बसतो तें लक्षांत येईल. सॉर्बिटॉल पाण्यास आंतड्यांत थांबवितो. चोथा तें थांबलेलें पाणी मळामध्यें मुरवितो. नुसता सॉर्बिटॉल पुष्कळ घेतला तर पाण्यासारखे जुलाब होतात. नुसता चोथा पुष्कळ घेतला आणि पाणी कमी पडलें, तर मळ मोठा होतो खरा, पण मऊ होत नाहीं. दोन्ही एकत्र आले म्हणजे मळ मऊही होतो व बांधलेलाही राहतो.

हें केवळ अनुमान नाहीं. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत ह्याची परीक्षा झाली व तिचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. जुनाट मलावरोध असलेल्या ४० माणसांस तीन आठवडे सुका आलुबुखार सकाळीं ५० व संध्याकाळीं ५० ग्रॅम देण्यांत आला, आणि दुसरे तीन आठवडे इसबगोल दोन वेळां, प्रत्येक वेळीं ११ ग्रॅम. कोणास आधीं काय द्यावें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें होतें. ह्यांतील मर्म असें कीं, दोन्ही मापांतून मिळणारा चोथा सारखाच, म्हणजे दिवसास सुमारे ६ ग्रॅम होता. चोथ्यानेंच सर्व काम होत असतें तर दोहोंचा गुण सारखा आला असता. परंतु आलुबुखाराच्या आठवड्यांत आपोआप व पुरतें शौचास होण्याची संख्या अधिक भरली, आणि मळही अधिक मऊ झाला. कुंथण्याच्या बाबतींत मात्र दोहोंत विशेष अंतर दिसलें नाहीं. मग हा अधिकचा गुण आला कोठून? शंभर ग्रॅम आलुबुखारांत सुमारे १५ ग्रॅम सॉर्बिटॉल असतो व इसबगोलांत तो नसतो. तेव्हां त्याचें श्रेय मुख्यत्वें सॉर्बिटॉलास द्यावें लागतें. आलुबुखाराच्या गाळलेल्या रसांत चोथा जवळजवळ उरत नाहीं, तरी तो रस सारक असतो, ही गोष्टही हेंच दाखविते.

येथें एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. तिन्ही फळांत सॉर्बिटॉल भरपूर असतो असें लोक समजतात, परंतु तसें नाहीं. सॉर्बिटॉल हा सफरचंद, नासपती, जर्दाळू व आलुबुखार ह्या एका कुळांतील फळांचा विशेष होय. अंजिरांत व मनुकांत तो अगदीं थोडा असतो. सुक्या अंजिराचें बळ त्याच्या चोथ्यांत आहे. शंभर ग्रॅमांत सुमारे १० ग्रॅम चोथा, म्हणजे तिघांत सर्वांत अधिक. शिवाय त्यांतील बारीक बिया न पचतां तशाच पुढें जातात. मनुकांत चोथा त्याच्या निम्म्याहूनही कमी, परंतु चिंचेंत जें टार्टरिक आम्ल असतें तेंच द्राक्षांत असतें, आणि त्याचा कांहीं अंश न शोषला जातां मोठ्या आंतड्यापर्यंत पोंचतो. तात्पर्य, गुणाच्या क्रमानें आलुबुखार पहिला, अंजीर दुसरें व मनुका तिसऱ्या. तासगांवची मनुका गांवोगांवच्या बाजारांत सहज मिळते व आलुबुखारासाठीं शहर गांठावें लागतें. तथापि जें मिळेल त्याचें बळ ओळखून त्याप्रमाणें धीर धरावा.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, एक साठ वर्षांची आजी आहे. दांत पडल्यामुळें तिची भाकरी सुटली आहे व ती मऊ भात आणि चहा ह्यांवर दिवस काढिते. तिला चौथ्या दिवशीं शौचास होतें, व मळ शेळीच्या लेंड्यांसारखा पडतो. तिच्यासाठीं रात्रीं तीन आलुबुखार धुऊन वाटीभर पाण्यांत भिजत घालावे. सकाळीं बिया असल्यास काढून गर कुसकरून द्यावा आणि वाटींतील पाणीही प्यावयास द्यावें. सॉर्बिटॉल पाण्यांत विरघळतो, म्हणून तें पाणी फेंकून देणें म्हणजे अर्धें औषध फेंकून देणें होय. वर एक पेला पाणी द्यावें. तीन दिवस असें करून, पोट फुगलें नाहीं तर संध्याकाळींही तीन द्यावे. आठवड्यानंतर दोन्ही वेळां चार ते पांच. लेंड्या जाऊन मळ प्रथम भेगाळलेला व मग केळ्यासारखा सरळ, मऊ होऊं लागला म्हणजे माप पुरेसें झालें, तेथेंच थांबावें. मळ पातळ झाला तर निम्म्यावर यावें. आलुबुखार न मिळाल्यास तीन अंजिरें व पंधरा-वीस मनुका ह्याच रीतीनें द्याव्या, आणि गुणासाठीं दोन-तीन आठवडे वाट पाहावी. हें एरंडेल नव्हे कीं सकाळीं घेतलें आणि दुपारीं कोठा झाला.

शेवटीं हा उपाय कोठें करूं नये तें सांगतों. मधुमेह्यांनीं ह्या फळांतील साखर लक्षांत घेऊन माप डॉक्टरांस विचारावें. ज्यांचीं मूत्रपिंडें बिघडलीं आहेत त्यांनीं हीं फळें विचारल्यावांचून खाऊं नयेत. कारण त्यांत पोटॅशियम पुष्कळ असतें व तें अशा रोग्याच्या रक्तांत सांठून हृदयास अपाय करितें. चार वर्षांखालील मुलांच्या हातीं सबंध मनुका देऊं नये, ती श्वासनलिकेंत अडकते. कुसकरून द्यावी.

अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्या माणसास बरेच दिवस शौचास न होतां एकाएकीं पातळ पाणी गळूं लागलें, तर तें जुलाब आहेत असें समजूं नये. आंत मळाचा गोळा अडकून त्याच्या बाजूनें पाणी झिरपत असण्याचा पुष्कळ संभव असतो. अशा वेळीं फळें देऊन चोथा वाढविल्यास गोळ्यामागें आणखी भर पडते. आणि जुलाब थांबविण्याचें औषध दिल्यास त्याहूनही अपाय होतो. तो गोळा दवाखान्यांतच काढविला पाहिजे. पोट फुगून टणक झालें, वांत्या होऊं लागल्या व वायुही सरेनासा झाला, तर आंतडें बंद पडलें असेल. तेव्हां एक मनुकाही तोंडांत न घालतां त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. मळांत रक्त दिसणें, वजन घटत जाणें, किंवा पन्नाशीनंतर शौचाची संवय नव्यानें बदलणें, हीं लक्षणें असतां घरीं फळें भिजवीत बसण्यांत मोलाचे महिने जातात. तेथें आधीं तपासणी, मग अंजीर.