औषधसूचीत नव्या औषधाचा समावेश : प्रस्ताव, पुरावा आणि खर्च

रुग्णालयाच्या औषधसूचीत कोणते औषध असावे, हे तेथील औषध समिती ठरविते. सूचीत नसलेले औषध भांडारात येत नाही आणि भांडारात नसलेले औषध रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाला मिळत नाही. म्हणून नव्या औषधाचा प्रस्ताव कसा मांडला जातो, त्यातील पुरावा कसा तोलला जातो आणि खर्चाचा हिशेब कोठून सुरू होतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. त्यासाठी टेनेक्टेप्लेज या औषधाचे उदाहरण येथे घेतले आहे. गोवा सरकारने २०१८ साली हृदयविकाराच्या तातडीच्या उपचारासाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि तालुक्यांतील रुग्णालये यांना जोडणारी योजना सुरू केली. तिच्यात हे महागडे इंजेक्शन रुग्णांना विनामूल्य देण्याची तरतूद करण्यात आली.

प्रस्तावाचा आरंभ गरजेपासून होतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली की हृदयाचा स्नायू हळूहळू मरू लागतो. हृदयालेखात, म्हणजे ई.सी.जी.मध्ये, विशिष्ट रेषा उंचावलेली दिसते. यावर सर्वोत्तम उपाय म्हणजे नळी घालून रोहिणी उघडणे; परंतु निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत ते होणे आवश्यक असते. पेडण्याच्या एखाद्या आडगावातील रुग्णाला आधी तालुक्याचे केंद्र गाठावे लागते आणि नंतर कोलवाळचा व पणजीचा पूल ओलांडून बांबोळीस जावे लागते. डिचोलीच्या रुग्णाचीही अशीच धावपळ होते. बांबोळीस पोहोचल्यावर शस्त्रकक्ष सिद्ध होण्यास लागणारा वेळ निराळाच. दोन तासांची मर्यादा पाळता येणार नाही असे दिसल्यास गुठळी विरघळविणारे औषध जवळच्या केंद्रातच द्यावे, असा वैद्यकीय संकेत आहे.

येथे समितीचा पहिला प्रश्न येतो. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज हे स्वस्त औषध उपलब्ध असताना महाग औषध कशाला? १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरील पाहणीत स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्यांपैकी पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण शेकडा ९.२ होते, न दिलेल्यांत ते शेकडा १२ होते. म्हणजे सुमारे छत्तीस रुग्णांना औषध दिल्यास एक जीव अधिक वाचतो. ही मोठी कमाई स्वस्त औषधानेच होते, हे प्रस्तावात प्रांजळपणे नमूद व्हावयास हवे.

महाग औषधाची भर त्यामानाने लहान आहे. १९९३ साली एकेचाळीस हजार रुग्णांवर झालेल्या पाहणीत अल्टेप्लेज या नव्या पिढीच्या औषधाने तीस दिवसांतील मृत्यू शेकडा ६.३, तर स्ट्रेप्टोकायनेजने सुमारे ७.३ आढळले. शंभर रुग्णांमागे एक जीव अधिक. मात्र मेंदूतील रक्तस्राव नव्या औषधाने किंचित अधिक झाला. पुढे १९९९ साली सुमारे सतरा हजार रुग्णांवर टेनेक्टेप्लेज आणि अल्टेप्लेज यांची तुलना झाली. मृत्यूचे प्रमाण दोहोंत सारखेच, शेकडा सव्वासहाच्या आसपास, निघाले. मेंदूतील रक्तस्रावही सारखाच, शंभरामागे सुमारे एक, होता. मेंदूबाहेरील रक्तस्राव मात्र टेनेक्टेप्लेजने कमी झाला. टेनेक्टेप्लेज हे स्ट्रेप्टोकायनेजपेक्षा सरस, हा निष्कर्ष या दोन पाहण्यांच्या साखळीतून येतो. ही साखळी प्रस्तावात लपविता कामा नये.

आता हिशेब. समजा, दोन औषधांच्या किमतीत दर रुग्णामागे वीस हजार रुपयांचा फरक आहे. शंभर रुग्णांमागे वीस लाख रुपये आणि त्याबद्दल एक अधिक जीव. एवढ्यावर समिती थांबली, तर प्रस्ताव फेटाळला जाणे शक्य आहे.

परंतु ही तुलना मोठ्या रुग्णालयाची आहे. स्ट्रेप्टोकायनेजची पंधरा लाख एककांची मात्रा अर्धा ते एक तास शिरेतून ठिबकत द्यावी लागते. त्या काळात रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून कोणीतरी रुग्णाशेजारी राहणे आवश्यक असते. शिवाय शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होत असल्याने ते पुन्हा देता येत नाही. रात्री एकच डॉक्टर असलेल्या केंद्रात हे जिकिरीचे असते. मग औषध न देता रुग्णाला पुढे पाठविण्याकडे कल होतो. टेनेक्टेप्लेज शिरेत पाच ते दहा सेकंदांत एकदाच टोचले जाते. त्यानंतर रुग्णवाहिका निघू शकते. तेव्हा तालुक्याच्या केंद्रात खरी तुलना 'आता औषध' आणि 'तासाभराने औषध' यांत असते. १९९६ साली अनेक पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले की, दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात असे औषध दिल्यास हजारामागे ६५ जीव वाचतात, तर दुसऱ्या तासात दिल्यास ३७. तासाच्या या विलंबाची किंमत हजारामागे अठ्ठावीस जीव, म्हणजे सुमारे छत्तीस रुग्णांमागे एक. जेथे महाग औषधामुळे खरोखरच एक तास वाचतो, तेथे फरकाची तीच रक्कम एका जीवामागे वीस लाखांऐवजी सुमारे सात लाख वीस हजार होते. जेथे तास वाचत नाही, तेथे हा लाभही नाही.

सुरक्षिततेचा भाग यानंतर येतो. मात्रा वजनावर ठरते : साठ किलोखाली ३० मिलिग्रॅम, पुढे दर दहा किलोंस ५ मिलिग्रॅम वाढवीत नव्वद किलो व त्यावर ५० मिलिग्रॅम. पंचाहत्तर वर्षे किंवा अधिक वयाच्या रुग्णास निम्मी मात्रा देण्याचा प्रघात आहे. उदाहरणार्थ, पेडण्याचा ५८ किलो वजनाचा, ६२ वर्षांचा रुग्ण असेल, तर त्यास ३० मिलिग्रॅम द्यावयाचे. त्याच वजनाच्या ७८ वर्षांच्या रुग्णास १५. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असल्यास, नुकताच पक्षाघात झाला असल्यास किंवा अंगातून रक्तस्राव चालू असल्यास हे औषध द्यावयाचे नाही. शिरेच्या नळीत साखरेचे द्रावण असेल, तर ते आधी क्षारद्रावणाने धुऊन काढावे लागते. अन्यथा औषधाचा साका बनतो.

औषध लागू पडले की नाही, हे साठ ते नव्वद मिनिटांनी दुसऱ्या हृदयालेखात दिसते. उंचावलेली रेषा निम्म्याहून अधिक खाली आली नसेल, तर बांबोळीस तत्काळ नळी घालावी लागते. म्हणून औषध दिल्यावर रुग्णाला केंद्रात थांबवून न ठेवता लगेच पाठवावयाचे असते.

राहिला साठ्याचा प्रश्न. लहान केंद्रात रुग्ण थोडे येतात आणि महाग कुपी मुदत संपून वाया जाते. म्हणून प्रत्येक केंद्रात एक-दोनच कुप्या ठेवाव्यात, मुदत संपण्यापूर्वी त्या बांबोळीस वापरासाठी पाठवून नव्या घ्याव्यात, अशी अट प्रस्तावात असावी. टेनेक्टेप्लेज २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत समाविष्ट झाले असून, पुण्यातील एका उत्पादकासह देशातच ते तयार होते. त्यामुळे खरेदीच्या दरासाठी प्रत्यक्ष निविदेतील आकडा घेणे योग्य.

समितीने मंजुरी द्यावयाची, तर ती वर्षभरासाठी द्यावी आणि तीन नोंदी मागाव्यात : केंद्रात आल्यापासून सुई लागेपर्यंतची मिनिटे, गंभीर रक्तस्रावाचे रुग्ण आणि वाया गेलेल्या कुप्या. वर्षाअखेर पहिला आकडा घटलेला नसेल, तर महाग औषधाने विकत घेतलेला तास कोठेतरी गळून गेला, असे समजावे आणि तो कोठे गळला ते शोधावे.