जाहिरातीचे काम कोणाकडे द्यावे?

प्रश्न : बारामतीतील कापड दुकानाची विक्री वाढते आहे. जाहिरातीसाठी एजन्सी, फ्रीलान्सर की पगारी माणूस?

उत्तर : बारामती-इंदापूर पट्ट्यात कापडाची खरेदी वर्षभर सारखी नसते. लग्नसराई, दिवाळी आणि उसाचे बिल खात्यावर जमा होण्याचे दिवस, एवढ्यातच ती उसळते. पगार मात्र बाराही महिने द्यावा लागतो.

समजा, विक्रीवर ढोबळ नफा 20 टक्के सुटतो. मग 18,000 रुपयांचा पगार नुसता भरून निघायला दरमहा 90,000 रुपयांची जादा विक्री हवी. 8,000 घेणाऱ्या फ्रीलान्सरसाठी 40,000 पुरतात. जाहिरातींवरचा खर्च याहून वेगळा. म्हणून हंगामी दुकानाने फ्रीलान्सरपासून सुरुवात करणे बरे. रोज नवा माल उतरत असेल, त्याच दिवशी व्हिडिओ टाकायचे असतील आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चौकशांना लगेच उत्तर द्यायचे असेल, तर मात्र दुकानात बसणारा माणूसच लागतो.

एजन्सी दुसरी-तिसरी शाखा निघाल्यावर शोभते. तिच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि कंपोझिशन योजनेतील दुकानाला तो वळता करून मिळत नाही.

खरी अडचण करार मोडताना येते. गुगलवरची नोंद, फेसबुक पान आणि जाहिरातीचे खाते दुकानाच्याच नावावर असावे. बाहेरच्यांना फक्त वापरण्याची परवानगी द्यावी. परिणाम लाइक्सवर मोजू नये. बिल करताना गिऱ्हाइकाला दुकान कुठून कळले ते विचारून नोंदवावे, आणि विक्रीची तुलना मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच हंगामाशी करावी.