नाट्यपदातील दीर्घ स्वर आणि गायकाचा विस्तार

मराठी नाट्यपद छापील पुस्तकात वाचले तर चारसहा ओळींचे दिसते. तेच पद रंगभूमीवर जाणत्या गायकाच्या कंठातून आले की दहा-पंधरा मिनिटे चालते आणि तरीही त्यातील शब्द तेवढेच राहतात. वाढते ते काय, आणि ती वाढ सामावून घेण्याची शक्ती शब्दांत कोठून येते, हा या लेखाचा विषय आहे. सर्वच पदांत ही शक्ती नसते. ती पदकाराने अक्षरांच्या निवडीतून निर्माण केलेली असते.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. त्यात सुमारे दोनशे पदे होती. साकी, दिंडी, कामदा, ओवी आणि लावणीच्या अंगाने जाणाऱ्या त्या चालींत बहुधा एका स्वराला एक अक्षर असे. कथा पुढे नेणे हे त्या पदांचे काम होते, आणि एवढी पदे एका रात्रीत म्हणायची तर प्रत्येकाला थोडाच वेळ मिळणार हे उघड आहे. पुढे १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या आणि त्यांत पूरब अंगाच्या ठुमरीसारख्या गायनप्रकारांचा आधार घेतला. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला भास्करबुवा बखले यांनी रागदारीतील चिजांच्या चाली योजिल्या. आता पदांची संख्या घटली आणि प्रत्येक पदाचा अवकाश वाढला. बालगंधर्वांसारखा गायक-नट एकच ओळ पुनःपुन्हा घेऊन दर वेळी तिला नवे वळण देऊ लागला. अशा गाण्याला पुरे पडतील असे शब्द लिहिणे हे पदकारापुढील नवे काम होते.

हे काम कठीण होते, कारण चाल आधी असे आणि शब्द मागून येत. मूळ चीज बहुधा ब्रज किंवा तत्सम बोलीतील असे. त्या बोलीत पुष्कळ शब्द स्वरान्त असतात, म्हणून त्यांवर गळा सहज थांबतो. मराठीचे तसे नाही. आपण ‘घर’, ‘मन’, ‘फूल’ असे लिहितो तेव्हा शेवटचे अक्षर अकारान्त दिसते, पण उच्चारात शब्द व्यंजनावर मिटतो. ‘मन’ मधील ‘न’ वर आवाज लांबवू गेल्यास तो नाकात अडकतो. यावरचा उपाय मराठी व्याकरणातच होता. संबोधन आणि जुन्या विभक्तिरूपांत हेच शब्द ‘घरा’, ‘मना’, ‘फुला’ असे आकारान्त होतात. ‘आला’, ‘गेली’, ‘झाले’ ही भूतकाळाची रूपे स्वरान्तच आहेत. ‘येई’, ‘करी’, ‘वदे’ ही जुनी क्रियापदेही तशीच. नाट्यपदांत संबोधने फार आणि क्रियापदांची रूपे जुनी का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. काव्याची रूढी हे त्याचे एक कारण आहेच. परंतु वाक्यांशाच्या शेवटी गळ्याला मोकळा स्वर मिळावा, हे त्याहून व्यावहारिक कारण आहे.

येथे छंदःशास्त्र आणि गायन यांतील एक महत्त्वाचा भेद समजून घेतला पाहिजे. छंदःशास्त्रात अक्षर दोन प्रकारांनी गुरू होते. ‘रा’ गुरू आहे, कारण त्यातील स्वर दीर्घ आहे. ‘अस्त’ मधील ‘अ’ हाही गुरू आहे, पण तो पुढील जोडाक्षरामुळे. मोजणीत दोन्हींच्या मात्रा दोनच. गायकाला मात्र हे दोन गुरू अगदी वेगळे लागतात. ‘रा’ दोन मात्रांचा आठ मात्रा करता येतो, सोळाही करता येतो. ‘अस्’ ताणता येत नाही. ताणला तर ‘आस्त’ ऐकू येते आणि शब्दच बदलतो. म्हणून वृत्तात निर्दोष असलेली ओळ गायनात निरुपयोगी ठरू शकते.

हे एका उदाहरणाने पडताळून पाहू. त्यासाठी दोन ओळी मुद्दाम रचल्या आहेत. आशय साधारण एकच : संध्याकाळ झाल्याचे पक्ष्याला सांगणे. पहिली ओळ, ‘सूर्य अस्तंगत, हे विहंगम’. दुसरी, ‘सांज झाली आता, पाखरा’. दोन्ही ओळींच्या मात्रा मोजल्या तर सोळाच भरतात. दोन्ही यमन रागात, मध्य लयीच्या त्रितालात बसवू. त्रितालाच्या मात्रा सोळा, त्यांपैकी पहिली ती सम. चाल दहाव्या मात्रेपासून उचलली जाते असे धरू, म्हणजे समेपूर्वी सात मात्रांचा मुखडा मिळतो.

दुसऱ्या ओळीत ‘सांज झाली’ या शब्दांच्या बरोबर सात मात्रा होतात. ‘सां’ दहाव्या-अकराव्या मात्रेवर, ‘ज’ बाराव्या, ‘झा’ तेराव्या-चौदाव्या, ‘ली’ पंधराव्या-सोळाव्या मात्रेवर, आणि समेवर ‘आता’ मधील ‘आ’ पडतो. समेचा आघात एका पूर्ण शब्दाच्या आरंभी, सर्वांत मोकळ्या स्वरावर येतो, आणि तो शब्दही अर्थाच्या दृष्टीने कळीचा आहे. उरलेल्या नऊ मात्रांत ‘आता, पाखरा’ संपते. शेवटचा ‘रा’ आठव्या-नवव्या मात्रेवर असतो आणि दहाव्या मात्रेला मुखडा पुन्हा हाती लागतो.

पहिली ओळ त्याच जागी ठेवली की बिघाड दिसतो. ‘सूर्य अस्तं’ यातच सात मात्रा संपतात आणि समेवर ‘अस्तंगत’ मधील ‘ग’ येतो. शब्द मधोमध तुटतो. समेचा भार एका ऱ्हस्व, अर्थहीन तुकड्यावर पडतो. पुढे ‘विहंगम’ चा शेवट ‘म’ ने होतो, म्हणजे जेथे आवाज मोकळा सोडायचा तेथेच ओठ मिटतात. समेनंतर खरोखर लांबवता येईल असे अक्षर ‘हे’ एवढेच, आणि ते अर्थाने सर्वांत दुबळे. गायक त्याच शब्दावर आलापी करू लागला तर श्रोत्याला केवळ हाक ऐकू येईल, कशासाठी ते कळणार नाही.

आता दुसऱ्या ओळीवर विस्तार कसा होतो ते पाहू. पहिल्या आवर्तनात ओळ साधी म्हटली जाते, म्हणजे श्रोत्यांच्या मनात शब्द ठरतात. दुसऱ्या वेळी गायक ‘आता’ च्या ‘आ’ वर गंधार धरून थांबतो, मंद्र निषादाकडे उतरून पुन्हा गंधारावर येतो, आणि मग ‘पाखरा’ म्हणून मुखडा पकडतो. येथे ‘आता’ या शब्दातील निकड वाढते. तिसऱ्या वेळी ‘आता’ सरळ म्हणून तो ‘पाखरा’ च्या ‘रा’ वर रेंगाळतो. आता हाकेतील माया पुढे येते. एका आवर्तनात हे आटोपत नसेल तर आणखी एक आवर्तन घेतले जाते, मात्र मुखडा दहाव्या मात्रेलाच धरावा लागतो. तान घ्यायची तर समेच्या ‘आ’ नंतर दुसऱ्या मात्रेपासून नवव्या मात्रेपर्यंत आठ मात्रा मिळतात. दुगुनीत तेवढ्यात सोळा स्वर बसतात. तान आकारातच घेतली जात असल्याने शब्दाच्या स्वरातून तानेत शिरताना सांधा दिसत नाही.

सर्व दीर्घ स्वर सारखे मोकळे नसतात, हेही ध्यानी घ्यावे. ‘आ’ म्हणताना जबडा पूर्ण उघडतो, ‘ए’ आणि ‘ओ’ त्याहून थोडे मिटलेले असतात, ‘ई’ आणि ‘ऊ’ फार अरुंद. मध्य सप्तकात ‘ई’ गोड लागते, पण अंतऱ्यात तार षड्जावर ती पडली की आवाज पातळ व टोकदार होतो. अशा वेळी गायक ‘ई’ ला ‘ए’ कडे किंचित झुकवतो. हे प्रमाणात केले तर खपते. अधिक झाले की ‘कळी’ चे ‘कळे’ होते. चांगला पदकार ही वेळ येऊ देत नाही. चाल जेथे वर चढते तेथे तो ‘वारा’, ‘तारा’ अशा जातीचा शब्द ठेवतो आणि ईकारान्त शब्द मध्य सप्तकात वापरतो.

या रीतीला मर्यादा आहेत. स्वरांच्या मोहाने संबोधनांवर संबोधने रचली तर सांगायचे काहीच उरत नाही. ओळ गाण्याला सोयीची, पण नाटकाला रिकामी होते. शिवाय पद विस्तारत असताना रंगभूमीवरील घटना थांबलेली असते. ‘वन्स मोअर’ च्या आग्रहाने ती आणखी थांबते. म्हणून पात्राच्या मनात एकच भाव घोळत असेल तेथेच असे पद शोभते. वार्ता सांगायची किंवा वाद घालायचा असेल तेथे अक्षराला अक्षर भिडवणारी साधी चालच योग्य. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ मध्ये दोन घराण्यांचा संघर्ष हाच नाटकाचा विषय असल्याने तेथे गायनाचा विस्तार कथेचाच भाग झाला. पण ही अनुकूलता प्रत्येक नाटकाला लाभत नाही.

ध्वनिमुद्रिकांवरून पदे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. त्यामुळे तीत विस्ताराचा फक्त नमुना सापडतो. तो नमुना चालीचाच अविभाज्य भाग समजून जशाच्या तशा ताना घोकल्या जातात आणि पद गोठते. त्यापेक्षा पुढील क्रम हितकर आहे. प्रथम पद गद्यासारखे वाचून त्यातील अर्थाचे तुकडे पाडावेत. मग टाळी देत समेवर कोणते अक्षर येते ते पाहावे. नंतर प्रत्येक तुकड्यातील स्वराने दीर्घ असलेली अक्षरे आणि जोडाक्षराने गुरू झालेली अक्षरे वेगळी करावीत. विस्तार पहिल्यांवरच करावा. दुसरी अक्षरे स्वच्छ म्हणून पुढे जावे. शेवटी, पद प्रथमच ऐकणाऱ्या एखाद्या सोबत्याला ते ऐकवून शब्द लिहून घेण्यास सांगावे. त्याने ‘अस्त’ च्या जागी ‘आस्त’ लिहिले, किंवा एखादा शब्द दोन तुकड्यांत लिहिला, तर कोणत्या अक्षरावर नको तेवढे थांबलो ते तेथेच कळते. शब्द पूर्ण उतरले असतील, तर विस्तार पदाच्या अंगानेच झाला असे समजावे.